आईच्या ऑपरेशनसाठी महिनाभर भारतातून काम: कंपनीला नेमकं काय आणि कसं विचारायचं

प्रश्न: "मी जर्मनीत एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे, ब्लू कार्डवर. आईचं गुडघा बदलायचं ऑपरेशन १० नोव्हेंबरला ठरलंय, घरी फक्त बाबा, त्यांनाही फार जमत नाही. एक महिना भारतातून काम करू द्या असं विचारायचंय. पण पॉलिसीत लिहिलंय की रिमोट काम फक्त इयू देशांतून. रजा १४ दिवस उरलीय. विचारलं तर सरळ नाही म्हणतील का? आणि न सांगता जाऊन व्हीपीएन लावून काम केलं तर कुणाला कळतं?"

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो. कळतं. मी बरीच वर्षं जर्मनीतल्या कंपन्यांच्या एचआरमध्ये हेच काम करतोय, कोण कुठल्या देशात बसून किती दिवस काम करणार त्याची परवानगी, टॅक्स, इन्शुरन्स वगैरे, आणि असे न सांगता गेलेले लोक मी पाहिलेत. एक जण गेला होता, घरगुती व्हीपीएन लावून, सगळं नीट चाललेलं. नवव्या दिवशी व्हीपीएन दोन मिनिटं तुटलं, लॅपटॉप थेट तिथल्या नेटवर्कवरून सर्व्हरशी बोलला, अकाउंट आपोआप लॉक. सिक्युरिटीवाल्यांना वाटलं पासवर्ड चोरीला गेला, त्यांनी लॅपटॉपच लांबून बंद केला. मग चौकशी, लेखी वॉर्निंग, आणि जे चार दिवस काम होऊ शकलं नाही ते रजेतून कापले. वडील आजारी होते हे सगळ्यांना नंतर कळलं, वाईटही वाटलं, पण तोवर विषय "वडील आजारी" हा राहिलाच नव्हता, "खोटं लोकेशन दाखवलं" हा झाला होता. तेव्हा तो रस्ता सोडा.

आता मुख्य गोष्ट. परदेशातून काम करण्याचा कायदेशीर हक्क जर्मनीत नाही, कंपनी नाही म्हणू शकते. पण अशा अर्जांना नकार कुठून येतो ते समजून घ्या. मॅनेजर बहुतेक वेळा हो म्हणतो, त्याला आई असते, त्याला तुमचं कामही माहीत असतं. नकार येतो एचआर, पेरोल, आयटी आणि लीगल यांच्याकडून, आणि त्यांना तुमच्याशी काही वैर नसतं, त्यांच्यासमोर एक ओळ आलेली असते, "अमुक जण एक महिना भारतातून काम करू इच्छितो", आणि त्या एका ओळीत सहा प्रश्न लपलेले असतात ज्यांची उत्तरं शोधायला कुणाकडे वेळ नाही. वेळ नसला की नाही म्हणणं सोपं. "फक्त इयू" हा नियमसुद्धा तिथूनच आलाय. इयूच्या आत सोशल इन्शुरन्सचं ठरलेलं सर्टिफिकेट आहे, हेल्थ कार्ड चालतं, डेटाचा कायदा एकच आहे, म्हणून कुणी विचार न करता सही करू शकतं. भारतासाठी कुणाला तरी विचार करावा लागतो. तो विचार तुम्ही आधीच करून एका पानावर दिलात तर अर्धं काम झालं.

पण पान लिहायच्या आधी "एक महिना" हा शब्द डोक्यातून काढा. तुम्ही खरंच किती दिवस काम करणार ते मोजा.

गुडघ्याच्या ऑपरेशनचं साधारण गणित तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं असेलच. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, कधी त्याच दिवशी, वॉकर धरून उभं करतात. तीन ते पाच दिवसांत घरी. टाके किंवा स्टेपल साधारण १२ ते १४ दिवसांनी काढतात. वॉकर दोनतीन आठवडे, मग काठी. आणि रोजचा व्यायाम, जो दुखतो म्हणून आया टाळतात आणि म्हणूनच समोर कुणीतरी बसायला लागतं. म्हणजे पहिला दीड आठवडा तुम्ही लॅपटॉप उघडूच शकत नाही. रात्री दोनदा उठणं, बाथरूमपर्यंत नेणं, औषधांच्या वेळा, हे करून कुणी आठ तास टेस्टिंग करेल यावर एचआरमधल्या कुठल्याही अनुभवी बाईचा किंवा बाप्याचा विश्वास बसत नाही, आणि बसू नये. "मी महिनाभर पूर्ण वेळ काम करीन आणि आईलाही सांभाळीन" असं लिहिलेला अर्ज मला आला की मला तिथंच कळतं की हा माणूस तिसऱ्या आठवड्यात कोलमडणार.

तुमच्या तारखा घेऊन बसू. शनिवार ७ नोव्हेंबरला निघा, ८ ला पोचाल. सोमवार ९ ते शुक्रवार १३ पाच दिवस रजा, त्यात ॲडमिट, ऑपरेशन, पहिली पावलं. १६ आणि १७ अजून दोन दिवस रजा, कारण हॉस्पिटलमधून घरी आल्यावरचे पहिले काही दिवस सगळ्यात अवघड असतात, हॉस्पिटलात नर्स असते, घरी तुम्ही असता. मग बुधवार १८ नोव्हेंबरपासून शुक्रवार ४ डिसेंबरपर्यंत काम, रविवार ६ ला परत, ७ ला ऑफिसात. मोजा आता: रजा सात दिवस, आणि भारतातून कामाचे दिवस तेरा. तेरा! तुम्ही "एक महिना" मागत होता, खरं मागणं तेरा दिवसांचं आहे. पॉलिसीत इयूसाठी जो वार्षिक कोटा असेल तो बहुतेक याहून मोठा असेल, तो आकडा बघा आणि शेजारी हा ठेवा. शिवाय सात दिवस रजा शिल्लक राहते, ती का लागते ते पुढे सांगतो.

वेळेचं एक बघा, इथं खूप जण चुकतात. तुम्ही अर्ज सप्टेंबरच्या शेवटी लिहिणार, तेव्हा जर्मनी आणि भारतात साडेतीन तासांचा फरक असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं मागे जातात, भारतातली जात नाहीत, म्हणजे नोव्हेंबरात फरक साडेचार तास. साडेतीन धरून टाइमटेबल दिलंत की पहिल्याच दिवशी सगळ्या मीटिंगा तासभर सरकलेल्या दिसतील. साडेचार धरा. जर्मन वेळेनं सकाळी साडेसात ते दुपारी चार असं काम घेतलंत, मध्ये अर्धा तास ब्रेक, तर भारतात ते दुपारी बारा ते रात्री साडेआठ होतं. सकाळचे पाच-सहा तास तुमचे, ड्रेसिंग, फिजिओ, डॉक्टरांची व्हिजिट सगळं त्यात बसतं, टाके काढायला २४ तारखेला मंगळवारी जायचं असेल तरी सकाळी जाऊन येता. टीमची सकाळची मीटिंग जर्मनीत सव्वानऊला असेल तर तुम्हाला पावणेदोन, काही अडचण नाही. खरं सांगायचं तर हा टाइमझोन देखभालीसाठी नशिबानं मिळालेला आहे, अमेरिकेतून येणाऱ्यांना रात्रभर जागावं लागतं आणि त्यांना मी पूर्ण वेळ मागूच नका असं सांगतो.

आणि बारा ते साडेआठ आईकडे कोण बघणार? हे लिहायलाच हवं. बाबा आहेत, पण बाबांना जमत नाही असं तुम्हीच म्हणताय, तर दुपारच्या वेळेसाठी एक अटेंडंट ठरवा आणि अर्जात एक ओळ टाका की कामाच्या वेळेत देखभालीसाठी वेगळी व्यक्ती आहे. ही ओळ वाचली की मॅनेजरच्या मनातला न विचारलेला प्रश्न संपतो.

आता एचआरचे प्रश्न. सगळ्यात आधी टॅक्स येतो, कारण लोक त्यालाच सगळ्यात जास्त घाबरतात. भारतात बसून केलेल्या कामाचा पगार हा भारताच्या नियमानं भारतात मिळवलेला पगार धरला जातो, तुम्ही एनआरआय असलात तरी आणि पगार जर्मन बँकेत आला तरी. इथंच पेरोलवाले दचकतात. पण भारत आणि जर्मनीमध्ये दुहेरी कर टाळायचा करार आहे आणि त्यात नोकरदारासाठी सूट आहे, तीन अटींची: त्या आर्थिक वर्षात, म्हणजे भारताच्या एप्रिल ते मार्चमध्ये, भारतातला मुक्काम १८३ दिवसांच्या आत, पगार देणारी कंपनी भारतातली नसावी, आणि त्या कंपनीच्या भारतातल्या कायमच्या आस्थापनेवर, म्हणजे तिथल्या ऑफिसवर किंवा शाखेवर, तो पगार खर्ची पडू नये. तिन्ही पाळल्या की टॅक्स फक्त जर्मनीत. यात १८३ दिवस म्हणजे कामाचे दिवस नव्हेत, मुक्कामाचे सगळे दिवस, रविवार, रजा, मागचीपुढची ट्रिप धरून. या ट्रिपचे तुमचे २९ होतात. त्या आर्थिक वर्षात अजून कुठली चक्कर झाली असेल तर ती मिळवून आकडा द्या, पासपोर्टवरचे शिक्के बघून द्या, अंदाजानं नको. आणि जर्मन टॅक्स ऑफिसकडून तुम्ही तिथले करदाते आहात असं सर्टिफिकेट घेऊन ठेवा, भारतात कधी विचारलंच तर कराराचा फायदा मागताना तोच कागद लागतो.

दुसरी आणि तिसरी अट ऐकायला कोरडी वाटते पण एक मोठा खड्डा त्यात आहे. तुमच्या कंपनीची भारतात शाखा किंवा उपकंपनी आहे का? असेल तर कुणीतरी नक्की म्हणणार, "अरे मग इंडिया ऑफिसमध्ये जाऊन बस की, सोपं होईल." सोपं होत नाही, उलट गुंता वाढतो. भारतातल्या उपकंपनीच्या ऑफिसात बसलात, तिथल्या टीमचं थोडं काम केलंत, तुमच्या खर्चाचा भाग त्यांच्या नावावर गेला, की तुमचा खरा मालक कोण असा प्रश्न उभा राहू शकतो आणि ज्या दोन अटी आपोआप पाळल्या जात होत्या त्यांच्यावरच शंका येते. तेरा दिवसांसाठी कुणी एवढं खोदणार नाही असं तुम्हाला वाटेल, मलाही वाटतं, पण लीगलवाल्याला तसं वाटत नाही आणि सही त्याची लागते. म्हणून अर्जात लिहा की काम घरून, जर्मनीतल्या टीमचंच, भारतातल्या कुठल्याही कंपनीसाठी काही नाही.

"आस्थापना" चा दुसरा अर्थ कंपनीसाठी जास्त भीतीदायक आहे: तुमच्यामुळे कंपनीचंच भारतात ऑफिस आहे असं मानून तिच्या नफ्यावर टॅक्स मागितला तर? ही भीती सेल्सवाल्यांच्या बाबतीत खरी असते, जे ग्राहकाशी सौदा ठरवतात, करारावर सह्या करतात. टेस्टर म्हणून तुम्ही काहीच सही करत नाही. पण हे समोरच्याला माहीत नसतं, त्याच्याकडे फक्त तुमचं पदनाम असतं, आणि हल्ली पदनामं अशी असतात की त्यातून काही कळत नाही. तेव्हा एक वाक्य: "मला कंपनीच्या वतीनं करार करायचा किंवा किंमत ठरवायचा अधिकार नाही आणि भारतात असताना मी कुठल्याही ग्राहकाला भेटणार नाही." या एका वाक्यानं अडकलेला अर्ज सुटलेला मी दोनदा पाहिलाय.

सोशल इन्शुरन्सचं भारत-जर्मनीत बरं आहे. दोन देशांमध्ये सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे, आणि थोड्या दिवसांसाठी दुसऱ्या देशात काम करताना जर्मन पेन्शनमध्येच राहता येतं, त्यासाठी कव्हरेज सर्टिफिकेट काढतात. ते एचआर काढतं, सरकारी हेल्थ इन्शुरन्स असेल तर तुमच्या क्रांकेनकासेकडे अर्ज करून. तुम्ही फक्त आठवण करा आणि वेळ द्या, शेवटच्या आठवड्यात मागू नका.

हेल्थ इन्शुरन्स मात्र नीट बघा, इथं खरे पैसे जातात. जर्मन सरकारी विमा भारतातल्या उपचाराचा खर्च देत नाही. शिवाय जर्मन कायद्यात अशी तरतूद आहे की सरकारी विमा असलेला कर्मचारी परदेशात कामावर असताना आजारी पडला तर उपचाराचा खर्च आधी कंपनीनं द्यायचा, मग तिनं विम्याकडून ठरावीक मर्यादेपर्यंत परत घ्यायचा. तुम्ही आपल्या सोयीनं गेलाय की कंपनीनं पाठवलंय यावर वाद घालता येईल, पण एचआरला तो वाद नकोच असतो. म्हणून स्वतःच्या खर्चानं ट्रॅव्हल हेल्थ इन्शुरन्स घ्या आणि पॉलिसीची कॉपी अर्जाला जोडा. घेताना दोन गोष्टी अटींमध्ये शोधा. एक, कामासाठीचा मुक्काम चालतो का, काही पॉलिसी फक्त सुट्टीच्या असतात. दोन, आणि हे फार जणांना माहीत नसतं, बऱ्याच जर्मन ट्रॅव्हल पॉलिसींमध्ये "मायदेश" वगळलेला असतो, म्हणजे ज्या देशाचा पासपोर्ट तुमच्याकडे आहे तिथं आजारी पडलात तर एक पैसा नाही. जगभर कव्हर असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि हे बारीक अक्षरात. विमा कंपनीला ईमेल करून लेखी विचारा की भारतीय पासपोर्टवर भारतात चालेल का, आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा.

आता आयटी. "भारतातून युरोपातला डेटा बघता येत नाही, जीडीपीआर" असं उत्तर तुम्हाला नक्की मिळणार, आणि ते पूर्ण बरोबर नाही. युरोपच्या डेटा संरक्षण मंडळानं, ईडीपीबीनं, याच विषयावर मार्गदर्शक तत्त्वं काढलीयत, ०५/२०२१ क्रमांकाची, अंतिम आवृत्ती फेब्रुवारी २०२३ मधली. त्यात एक उदाहरणच आहे: पोलंडमधल्या कंपनीचा कर्मचारी मीटिंगसाठी भारतात जातो आणि तिथून लॅपटॉपवर कंपनीचा डेटा उघडतो. मंडळ म्हणतं, हे डेटाचं दुसऱ्या देशात हस्तांतरण धरायचं नाही, कारण तो माणूस म्हणजे वेगळी संस्था नव्हे, कंपनीचाच भाग आहे. गंमत म्हणजे उदाहरणातला देशही भारतच. सुरक्षेची जबाबदारी तशीच राहते, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट हवी, कंपनीचंच व्हीपीएन हवं, आणि एखाद्या डेटाला जोखीम जास्त आहे असं कंपनी ठरवू शकते. म्हणून भांडायला जाऊ नका, हा क्रमांक डेटा प्रोटेक्शनवाल्याला नम्रपणे पाठवा आणि सोबत सांगा की तेवढ्या दिवसांत तुम्ही खऱ्या ग्राहकांचा डेटा असलेल्या सिस्टिममध्ये जाणार नाही, फक्त टेस्ट डेटावर काम कराल. टेस्टरला हे सहसा जमतं. एक अपवाद: तुमचं प्रॉडक्ट निर्यात नियंत्रणाखालचं असेल, लष्करी किंवा दुहेरी वापराचं तंत्रज्ञान, तर दार खरोखर बंद असू शकतं आणि त्यावर कुणाचाच इलाज नाही, रजाच घ्या.

आयटीकडून तारखा घालून अपवाद मागायचा, "१८ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर, भारत, हा एक युजर". तारखा असल्या की ते देतात, नसल्या की देत नाहीत. दोन दिवस आधी लॉगिन करून बघायची परवानगीही त्यातच घ्या, नाहीतर १८ ला सकाळी अकाउंट लॉक आणि जर्मनीत अजून सगळे झोपलेले. ओटीपी जर्मन नंबरवर येत असेल तर रोमिंग चालू आहे का बघा, किंवा ॲपवर बदलून घ्या. घरचं इंटरनेट गेलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट, वीज गेली तर राउटरला छोटा यूपीएस, एवढं पुरतं.

ब्लू कार्डबद्दल बोलायचं तर ते साधारणपणे १२ महिने बाहेर राहिलात तरच रद्द होतं (साध्या रेसिडेन्स परमिटला सहा महिने), तेव्हा महिन्याची काळजी नको. पण कार्डवरची तारीख बघा. रिन्यूअलला दिलं असेल आणि हातात फक्त तात्पुरता कागद असेल तर त्यावर कलम ८१ चा कुठला परिच्छेद टिक केलाय ते वाचा. परिच्छेद ४ असेल तर परत येता येतं. परिच्छेद ३ असेल तर त्या कागदावर परत प्रवेश मिळत नाही आणि तुम्ही तिकडेच अडकाल, मग महिन्याचे तीन होतील. हे विमानतळावर कळलेले लोक आहेत.

आता विचारायचं कसं. मॅनेजरला थेट ईमेल टाकू नका. पंधरा मिनिटांचा वेळ मागा, तोंडी सांगा, आईचं ऑपरेशन, तारीख, तेरा दिवसांचं मागणं, आणि त्याला विचारा की टीमच्या दृष्टीनं काही अडतंय का, त्या काळात रिलीज वगैरे आहे का. तो हो म्हणाला की त्याच दिवशी एक पान पाठवा आणि त्यालाच ते एचआरला पुढे पाठवायला सांगा, सोबत त्याची "माझा पाठिंबा आहे" एवढी ओळ. तुम्ही स्वतः एचआरला पाठवलंत तर ते एका कर्मचाऱ्याचं मागणं राहतं, मॅनेजरनं पाठवलं की ते टीमचं नियोजन होतं. मजकूर तुम्ही तुमच्या भाषेत लिहा, पण साधारण असा:

"माझ्या आईचं १० नोव्हेंबरला भारतात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. ८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर मी तिथं असेन. ९ ते १७ नोव्हेंबर सात दिवस रजा घेतोय. १८ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर, एकूण तेरा कामाचे दिवस, मी भारतातून काम करण्याची एकदाच अपवाद म्हणून परवानगी मागतोय. कामाची वेळ जर्मन वेळेनं ७:३० ते १६:००, त्या वेळेत आईच्या देखभालीसाठी वेगळी व्यक्ती आहे. मी भारतीय नागरिक आहे, तिथं काम करायला वेगळा व्हिसा लागत नाही. या आर्थिक वर्षात भारतातला माझा एकूण मुक्काम इतके दिवस होईल. काम फक्त माझ्या सध्याच्या टीमसाठी, घरून. मला करार करायचा अधिकार नाही. ट्रॅव्हल हेल्थ इन्शुरन्स मी घेतोय, कॉपी सोबत. ग्राहकांचा खरा डेटा मी या काळात उघडणार नाही. मुक्काम वाढवावा लागला तर तो उरलेल्या रजेतून घेईन, परवानगीशिवाय रिमोट काम वाढवणार नाही."

पासपोर्ट जर्मन असेल आणि ओसीआय कार्ड असेल तर नागरिकत्वाच्या ओळीत तेच लिहा. आईचे रिपोर्ट, एक्सरे काही जोडू नका, तिची तब्येत हा तिचा खासगी विषय आहे आणि एचआरलाही ते फाईलमध्ये ठेवायची डोकेदुखी नको असते, मागितलंच तर हॉस्पिटलचं तारखेचं पत्र पुरे.

शेवटची ओळ मुद्दाम घातलीय. गुडघ्यात इन्फेक्शन झालं, पायात गाठ झाली, आई पडली, काहीही होऊ शकतं, आणि एचआरची खरी भीती "एक महिना" ची नसतेच, "एकाचे दोन, दोनाचे चार" ची असते. ते सात दिवस याचसाठी ठेवलेत. तिकीटही बदलता येणारं घ्या, आणि परवानगी लेखी हातात येईपर्यंत मॅनेजरच्या तोंडी होकारावर बुक करू नका, किंवा करायचंच तर रजेवर जाणार हे गृहीत धरून करा. लेखी परवानगीत देश, तारखा, दिवसांची संख्या आणि "मंजूर" हा शब्द चारही हवेत. "हरकत नाही, बघू" अशी ईमेल म्हणजे परवानगी नव्हे.

नाही आलं तर? "का" असं विचारू नका, त्याला "पॉलिसी" हेच उत्तर मिळतं. "यातल्या कुठल्या मुद्द्यावर अडलंय?" असं विचारा. मागे एका अर्जावर तीन आठवडे नाही नाही चाललं होतं, हा प्रश्न विचारल्यावर कळलं की फक्त विम्याची अडचण होती, विमा दाखवला आणि दोन दिवसांत सही झाली. मुद्दा टॅक्सचा किंवा लीगलचा असेल आणि ते हटत नसतील तर मागणं लहान करा, तेराऐवजी पाच दिवस, बाकी रजा आणि थोडी बिनपगारी रजा. बिनपगारी रजेत तुम्ही काम करत नाही, त्यामुळे वरचे बहुतेक प्रश्नच उरत नाहीत, म्हणून ती पटकन मिळते, फक्त तेवढ्या काळात तुमच्या विम्याचं काय होतं ते पेरोलला आधी विचारून घ्या.

तुमच्याकडे सहा आठवडे आहेत म्हणून हे सगळं जमतंय. वाचणाऱ्यांपैकी कुणाला उद्याच निघायचं असेल, घरून फोन आलाय, तर क्रम उलटा करा. रजा टाका आणि जा, परवानगीची वाट बघू नका. पण निघताना आयटीला एक ईमेल: "कौटुंबिक इमर्जन्सीमुळे भारतात जातोय, रजेवर आहे, लॅपटॉप सोबत नेऊ का? परवानगी मिळेपर्यंत चालू करणार नाही." लॅपटॉप जवळ असला तर चौथ्या दिवशी तिथून अर्ज करता येतो आणि दहाव्या दिवशी काम सुरू होऊ शकतं. तो इकडे टेबलावर राहिला तर परवानगी मिळूनही उपयोग नाही, कुरिअरनं मागवायला गेलात की कस्टममध्ये अडकतो, आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरवरून कंपनीचं काम करायची परवानगी कुणीही देणार नाही. आणि तो बंदच ठेवा, रात्री झोप येत नाही म्हणून "फक्त ईमेल बघतो" करून उघडलात की ते भारतातलं लॉगिन सिस्टिममध्ये नोंदलं जातं, अर्ज करायच्या आधीच.